कोल्हापुरी चप्पल हाताने घडवलेली की यंत्राची नक्कल? फोटोवरून ओळखण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरबसल्या कोल्हापुरी चप्पल मागवणाऱ्यांकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा प्रश्न एका फोटोसोबत येतो आणि तो फोटो नेमका वरून काढलेला असतो. वरून पाहिल्यास चांगली नक्कल आणि खरी चप्पल यांत फरक कळणे अवघड आहे. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख चपलेच्या कडेकडे आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हाताने बनवलेली कोल्हापुरी म्हणजे नेमके काय? तिचे भाग कोणते?

पारंपरिक कोल्हापुरी चप्पल वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची असते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवून ते कमावतात, त्यामुळे त्याला पिवळसर तपकिरी रंग येतो आणि तो रंग कातड्याच्या पूर्ण जाडीत उतरतो. तळासाठी जाड कातडे लागते, ते प्रामुख्याने म्हशीचे असते. वेणीसाठी शेळीचे पातळ, मऊ कातडे घेतात. तळाचे कातडे भिजवून आणि ठोकून घट्ट करतात, रापीने कापतात, दोन थरांच्या मध्ये दोन्ही बाजूंना कान, म्हणजे पट्टा धरून ठेवणारे कातड्याचे तुकडे, बसवतात, आरीने भोके पाडून कडेने वादीने शिवतात, आणि मग कानांना पट्टा आणि पुढे अंगठा जोडतात. वादी म्हणजे कातड्याचीच अरुंद, चपटी पट्टी. जुन्या पद्धतीच्या कामात तळ जोडण्यासाठी खिळे किंवा चुका, म्हणजे बारीक खिळे, वापरत नाहीत. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाळी हे घाटाचे प्रकार आहेत. घाट बदलला तरी तळाची ही बांधणी मूलतः तीच राहते, आणि फोटोत आपण शोधायची ती हीच बांधणी.

२. केवळ फोटो पाहून खात्रीने सांगता येते का?

नक्कल आहे, हे बऱ्याचदा खात्रीने सांगता येते. चप्पल पूर्ण खरी आहे, हे मात्र फोटोवरून इतक्या ठामपणे सांगता येत नाही. रेक्झिनखालचे कापड किंवा साच्यात ओतलेल्या तळाची रेघ एकदा दिसली की पुढे वाद उरत नाही. याउलट सगळ्या खुणा बरोबर दिसल्या, तरी दोन थरांच्या मध्ये काय भरले आहे हे झाकलेले असू शकते. कातडे कसे कमावले, हेही फोटोत अंदाजानेच कळते. म्हणून आम्ही उत्तर देताना ‘नक्कल’, ‘हातकाम, पण मिश्र साहित्य’ आणि ‘फोटोत विरोधी खूण नाही’ या तीनपैकी एकच शेरा देतो. ‘शंभर टक्के अस्सल’ असे फोटोवरून आम्ही कधीही लिहून देत नाही.

३. विक्रेत्याकडे कोणते फोटो मागावेत?

चार फोटो पुरतात, पण ते नेमके हवेत. पहिला, चप्पल टेबलावर ठेवून कॅमेरा टेबलाच्या पातळीवर आणून टाचेच्या बाजूने काढलेला, म्हणजे तळाचे थर समोर दिसतील. दुसरा, दोन्ही चपला उलट्या ठेवून तळाचा. तिसरा, कान जेथे तळात शिरतो त्या जागेचा अगदी जवळून. चौथा, कडेच्या शिवणीचा, बोटभर लांबीचा भाग चौकट भरेल इतक्या जवळून.

उजेड खिडकीतून तिरका येणारा असावा. समोरून फ्लॅश मारला की टाक्यांची सावली नाहीशी होते आणि ठशाने उमटवलेली खोटी शिवण व खरी शिवण सारखीच दिसू लागते. फोटो व्हॉट्सअॅपवर येणार असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जाऊन कडेचे तंतू पुसट होतात, आणि आपल्याला पाहायचे असतात ते नेमके तेच तंतू. ज्याच्या हातात माल आहे, त्याला हे चार फोटो काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

४. शिवणीत काय पाहायचे?

आधी हे पाहावे की टाका कशाचा आहे. वादीचा टाका चपटा असतो, काडीपेटीच्या काडीहून थोडा रुंद, आणि त्याला स्वतःच्या दोन कापलेल्या कडा असतात. दोरा गोल असतो आणि मोठा करून पाहिला की त्याचा पीळ दिसतो. वादीला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत. शिवताना वादी कोठे तरी किंचित पिळवटते, विशेषतः टाचेच्या आणि पुढच्या गोलाईवर, आणि तेथे एखाद्या टाक्यात तिची खरखरीत बाजू वर आलेली दिसते. ती हाताची खूण असते.

नंतर टाक्याची दोन टोके पाहावीत. खरा टाका भोकात बुडतो. भोकाच्या तोंडाशी कातडे किंचित दबलेले किंवा उचललेले असते आणि तिरक्या उजेडात तेथे छोटी सावली पडते. ठशाने उमटवलेल्या शिवणीत टाका कोठेच बुडत नाही. त्याची टोके सपाट संपतात, आणि खूप मोठे करून पाहिल्यास कातड्यासारखी दिसणारी नक्षी टाक्यावरून अखंड पुढे गेलेली दिसते, कारण टाका आणि तळ हा एकच पत्रा असतो.

तिसरी गोष्ट वर आणि खाली जुळते का, ही. आरपार शिवणीत वर जेथे टाका बुडतो, तेथेच तो खालच्या बाजूने निघायला हवा. वरचा आणि तळाचा फोटो शेजारी ठेवून टाचेच्या मध्यापासून एका बाजूचे टाके मोजावेत. वर शिवण आहे आणि खाली तिचा मागमूस नाही, असे असेल तर तीन शक्यता राहतात. शिवण फक्त वरच्या थराला शोभेसाठी घातलेली असेल, किंवा खाली नंतर दुसरा थर चिकटवलेला असेल (प्रश्न ८ पाहा), किंवा ती शिवणच नसेल. यांतले कोणते, ते कडेवरून ठरते. ते प्रश्न ७ मध्ये सविस्तर आहे.

शेवटी, वादी संपून नवी कोठे सुरू झाली ते शोधावे. हाताच्या कामात एवढ्या लांबीत कोठे तरी जोड येतोच, आणि कारागीर तिचे टोक खाली दडपून ठोकतो. ती जागा फोटोत नेहमीच दिसेल असे नाही, पण दिसली तर ती बोलकी असते.

५. माझ्या जोडाची शिवण अगदी एकसारखी आहे. म्हणजे ती यंत्राचीच ना?

तसे नाही. या एका गैरसमजामुळे उत्तम कारागिरांच्या चपला परत केल्या गेल्याचे आम्ही पाहिले आहे आणि त्याचे वाईट वाटते. ज्याने वर्षानुवर्षे आरी धरली आहे, त्याचे टाके जवळजवळ समान अंतरावरच पडतात, आणि शिवल्यानंतर ते ठोकून बसवले की आणखी सारखे दिसतात. समानपणा हा दोष नव्हे. पाहायचे ते गोलाईवर. यंत्र सरळ रेषेत आणि वळणावर सहसा तेच अंतर राखते. हात वळणावर टाके थोडे जवळ घेतो किंवा त्यांचा कोन बदलतो. आणि टाका दोऱ्याचा की वादीचा, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

उलट दिशेनेही सावध राहावे. वाकडीतिकडी शिवण म्हणजे हाताची, असे धरून काही जण मुद्दाम ओबडधोबड दिसणारा माल ‘अस्सल’ म्हणून विकतात.

६. तळाच्या फोटोत काय शोधायचे?

कातड्याच्या तळावर कोठे गडद, कोठे फिकट असे पट्टे असतात. कधी शिरांच्या किंवा जुन्या जखमेच्या रेघा दिसतात, आणि दोन चपलांचे तळ एकमेकांसारखे नसतात. रबराचा किंवा साच्यातला तळ एकरंगी असतो. त्यावर न घसरण्यासाठी नक्षी असते, कधी मापाचा आकडा साच्यातच उमटलेला असतो, आणि बाजूने एक बारीक उभारलेली रेघ चपलेभोवती फिरते. ती रेघ साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे पडते. ती दिसली की तळ ओतलेला आहे हे नक्की. चपला उलट्या ठेवल्यावर चुकांची चकाकती डोकी दिसली, तर तळ शिवणीवर नव्हे, चुकांवर धरलेला आहे असे समजावे.

७. कडेला एवढे महत्त्व का देता? तिच्यात नेमके काय दिसते?

वरचा पृष्ठभाग रंगवता येतो, त्यावर नक्षी दाबता येते आणि खोटी शिवण उमटवता येते. कड मात्र कापलेली असते, आणि कापलेल्या जागी आतला पदार्थ उघडा पडतो. म्हणून फोटो एकच मिळणार असेल तर तो कडेचा मागावा.

वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची कड आरपार तपकिरी असते. वरच्या बाजूला एक घट्ट, बारीक थर आणि खाली एकमेकांत गुंतलेले तंतू, अशी तिची रचना दिसते. कड घासून चकचकीत केलेली असली, तरी दोन थरांच्या मधली केसाएवढी रेघ नाहीशी होत नाही. टाचेला जादा थर असतात, तेथे अशा दोन-तीन रेघा एकावर एक दिसतात, आणि त्या नेमक्या समांतर नसतात, कारण कातड्याची जाडी जागोजागी थोडी बदलते.

यंत्राच्या मालात सहसा चार प्रकारच्या कडा भेटतात. रेक्झिनच्या कडेला वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आणि खाली पांढरट विणलेले कापड दिसते. पट्ट्याच्या कापलेल्या टोकाशी त्याचे धागे सुटलेले असतात. क्रोमने कमावून वरून रंगवलेल्या कातड्याची कड मध्यभागी निळसर राखाडी दिसू शकते. हे कातडेच आहे, पण परंपरेतले नव्हे, आणि ते आरपार रंगवलेले असेल तर ही खूण मिळत नाही. पुठ्ठ्यासारखा दाबून केलेला लेदर बोर्ड अगदी एकसारखा, भुसभुशीत दिसतो. त्याचे तंतू तुटक असतात आणि कोपरे लवकर फुलतात. फोमची कड स्पंजासारखी सच्छिद्र असते.

या चारांपेक्षाही अवघड आहे ती रंगवलेली कड. काळा किंवा चॉकलेटी जाड रंग लावला की थरांच्या मधल्या रेघा बुजतात, आणि वरच्या काठावर त्या रंगाचा बारीक ओघळ किंवा मणी साठलेला दिसतो. हातकामाच्या चांगल्या चपलांनाही कडेला रंग लावतात, त्यामुळे रंग आहे एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो रंग मागचे वाचू देतो की नाही, एवढेच पाहायचे असते.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकले. एका प्रदर्शनातून घेतलेल्या जोडाची वरची शिवण वादीची होती, वेणी सुरेख होती, आणि काळ्या कडेकडे मी दोनदा पाहूनही तिचा विचार केला नाही. जूनच्या पहिल्या पावसात बसथांब्यापर्यंत भिजत गेले, आणि दुसऱ्या दिवशी टाच फुगून तिचे ओल्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटले होते. वरचा थर खरा होता, मधला बोर्ड होता, आणि तो लपवण्याचे काम त्या रंगाने केले होते. खरी कोल्हापुरीही पावसात घालू नये. ती भिजली की जड आणि मऊ होते, पण सावलीत वाळवली की पुन्हा घट्ट होते. तिचा लगदा होत नाही.

८. तळाला खाली रबर लावलेले आहे. मग ती नकली का?

नाही. निव्वळ कातड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो आणि डांबरी रस्त्यावर झिजतो, म्हणून बरेच कारागीर गिऱ्हाइकाच्या मागणीवरून खाली रबराचा पातळ थर लावून देतात. अशा वेळी तळाच्या फोटोत शिवण न दिसणे साहजिक आहे. कडेच्या फोटोत मात्र रबराच्या वर कातड्याचे दोन थर, त्यांच्या मधली रेघ आणि त्यात शिरलेला कान दिसायला हवा. रबराच्या थेट वर एकच पातळ पापुद्रा असेल आणि कान त्या दोघांच्या मध्ये नुसता चिकटवलेला असेल, तर ती कोल्हापुरी घाटाची साधी कारखानी चप्पल आहे. रबर लावल्याचे वर्णनात लिहिले आहे का, हेही पाहावे. प्रामाणिक विक्रेता ते लिहितो, कारण ती त्याच्या दृष्टीने सोय असते.

९. पट्ट्यावर दोऱ्याची बारीक शिवण दिसते. हाताची चप्पल म्हणून घ्यावी का?

पट्ट्यावरचे नक्षीकाम, अस्तर किंवा जरीकाम शिलाई यंत्रावर शिवण्याची रीत बरीच रूढ आहे, आणि तोच जोड बाकी पूर्ण हाताने बांधलेला असू शकतो. आमच्या मते तळाची बांधणी हातची असेल तर अशा चपलेला नकली म्हणणे अन्याय्य आहे. मात्र ‘संपूर्ण हातशिवण’ असा दावा करून त्याची किंमत लावली असेल, तर तो दावा चुकीचा आहे. म्हणून पट्ट्यावरची आणि तळाच्या कडेची शिवण वेगवेगळी तपासावी. तळाची तपासणी प्रश्न ४ प्रमाणे करावी.

१०. वेणी खरी की ठशाची, हे कसे कळते?

खऱ्या वेणीतली प्रत्येक पट्टी दुसरीच्या खाली शिरते आणि पलीकडून निघते, त्यामुळे प्रत्येक छेदापाशी सावली असते आणि पट्ट्यांच्या कापलेल्या कडा दिसतात. वेणीची टोके पट्ट्याखाली किंवा कानात कोठे तरी अडकवलेली असतात. ठशाच्या वेणीत सगळी उंची सारखी असते आणि बाहेरची कड सरळ कापलेली दिसते, म्हणजे काठावरच्या पट्ट्या वळून परत न येता मध्येच तुटतात. हे एकदा लक्षात आले की लांबूनही ओळखता येते.

११. डावी आणि उजवी अगदी सारखी दिसतात. हे संशयास्पद आहे का?

आकार सारखा असणे संशयास्पद नाही. कारागीरही फर्मा ठेवूनच कापतो, आणि आता बऱ्याच ठिकाणी तळ प्रेसवर कापून घेतात. संशय घ्यावा तो कातड्याच्या पोताचा. जनावराच्या कातड्यावरची रंध्रे, सुरकुत्या आणि डाग यांची पुनरावृत्ती होत नाही. एका वाचकाने पाठवलेल्या फोटोत डाव्या टाचेजवळ इंग्रजी वाय अक्षरासारखी एक सुरकुती होती, आणि उजव्या चपलेच्या पुढच्या भागात तीच सुरकुती, त्याच फाट्यांसह, पुन्हा होती. एकाच छापील गुंडाळीतून दोन्ही तुकडे कापले गेले होते. फोटो मोठा करून असा एखादा ठळक डाग निवडावा आणि तो दुसऱ्या चपलेवर शोधावा.

१२. फोटोत जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची खूण आहे. ती पुरेशी नाही का? आणि कर्नाटकात बनलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणता येते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून विनाकारण वाद होतात. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन २०१८ च्या अखेरीस मिळाले, आणि ते दोन्ही राज्यांचे सामाईक आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल त्यामुळे तितकीच कोल्हापुरी आहे. तिला ‘कर्नाटकी नक्कल’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला एकतर हे माहीत नसते किंवा त्याला ते सांगायचे नसते.

खुणेविषयी म्हणाल, तर फोटोतली खूण म्हणजे फक्त एक चित्र असते. ती नोंदणीकृत वापरकर्त्याच्या मालावर असेल तर तिला अर्थ आहे. म्हणून विक्रेत्याकडे त्याचे अधिकृत वापरकर्ता म्हणून असलेले प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचे नाव पाकिटावरच्या नावाशी जुळते का ते पाहावे. उलट अनेक जुन्या, उत्तम कारागिरांनी ही नोंदणी केलेली नाही. त्यांच्या पाकिटावर खूण नसेल, तरी कडेचा फोटो त्यांच्या बाजूने बोलेल.

१३. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने दाखवलेल्या चपला पाहून बऱ्याच जणांनी विचारले : घाट हुबेहूब असेल तर ती कोल्हापुरी ठरते का?

नाही. मिलानच्या त्या प्रदर्शनात दाखवलेल्या चपलांचा घाट कोल्हापुरीचा होता, आणि महाराष्ट्रातून तीव्र आक्षेप आल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्यही केले. पण आपल्या प्रश्नापुरते पाहायचे तर घाट ही सर्वांत सहज उचलता येणारी गोष्ट आहे. अंगठा, कान आणि रुंद पट्टा रबरातही ओतता येतो. वर्णनात ‘कोल्हापुरी स्टाईल’ किंवा ‘कोल्हापुरी पॅटर्न’ असे शब्द असतील, तर विक्रेत्यानेच ती घाटापुरती कोल्हापुरी असल्याचे सांगितले आहे असे समजावे. ती स्वस्त असेल आणि तुम्हाला तेवढेच हवे असेल, तर घ्यायला हरकत नाही.

१४. एखाद्या जोडाची तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

पुण्याहून एका ताईंनी ‘शुद्ध चामडे, हाताने बनवलेली’ अशा वर्णनाच्या जोडाचे फोटो पाठवले होते. वरच्या फोटोत फिकट तपकिरी तळ, बारीक वेणी, लाल गोंडा आणि कडेने पांढरट शिवण होती. शिवण मोठी करून पाहिली, तेव्हा टाके चपटे निघाले, आणि उजव्या टाचेच्या वळणावर सलग दोन टाक्यांत वादीची खरखरीत बाजू वर आलेली होती. म्हणजे शिवण वादीची आणि हाताची. वेणीच्या प्रत्येक छेदाला सावली होती. डाव्या तळावर अंगठ्याजवळ एक फिकट व्रण होता, तो उजव्यावर कोठेच नव्हता. येथपर्यंत सगळे बरोबर जुळत होते.

तळाच्या फोटोत नक्षीचे काळे रबर होते, शिवण अर्थातच नव्हती. म्हणून आम्ही ताईंना टेबलाच्या पातळीवरून कडेचा फोटो मागायला सांगितला. विक्रेत्याने आधी पुन्हा वरचाच फोटो पाठवला, दुसऱ्यांदा सांगितल्यावर कडेचा पाठवला. त्यात तीन थर दिसले. वरचा थर तपकिरी, बारीक तंतूंचा, म्हणजे कातडे. सर्वांत खालचा रबर. मधला मात्र राखाडी, एकसारखा, कोठेही तंतूंचा गुंता नसलेला, आणि टाचेच्या कोपऱ्यावर किंचित फुललेला. कान वरच्या आणि मधल्या थरांच्या मध्ये शिरत होता.

निष्कर्ष असा निघाला की शिवण, वेणी आणि बांधणी हाताची आहे, वरचे कातडे खरे आहे, पण मधला थर बोर्डाचा आहे. आमच्या भाषेत ‘हातकाम, पण मिश्र साहित्य’. ताईंनी विक्रेत्याला सरळ विचारले, ‘दादा, मधला थर कातड्याचा आहे का बोर्डाचा?’ त्याने लपवले नाही. वजन आणि किंमत कमी ठेवण्यासाठी बोर्ड घालतो, पूर्ण कातड्याचा जोड हवा असेल तर वेगळा करून देतो आणि त्याचे पैसे जास्त पडतील, असे त्याने कळवले. ताईंनी तो दुसरा जोड मागवला. त्याच्या कडेच्या फोटोत मधला थरही तपकिरी होता.

१५. फोटो खऱ्या चपलेचा आणि पाठवलेला माल दुसराच, असे होऊ नये म्हणून काय करावे?

तोच फोटो अनेक विक्रेत्यांकडे दिसतो का, हे गूगलवर चित्र टाकून शोधावे. दिसला तर तो फोटो कोणाच्याच हातातल्या मालाचा नाही असे धरावे. मागणी देण्यापूर्वी, तुमच्या मापाच्या जोडाशेजारी तुमचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून कडेचा फोटो काढायला सांगावा. माल आल्यावर त्या फोटोतला एखादा व्रण किंवा वादीचा पिळवटलेला टाका प्रत्यक्ष चपलेवर शोधावा. कातड्याच्या चपलेत अशी ओळखखूण मिळतेच. ती जर मिळालीच नाही, तर जोड बदललेला आहे.

१६. रंग भडक आहे किंवा फारच फिकट आहे. त्यावरून काही ठरते का?

फारसे नाही. नव्या चपलेचा मूळ रंग फिकट असतो आणि तेल पाजल्यावर व उन्हात वापरल्यावर तो गडद होतो. लाल, काळ्या, हिरव्या रंगाच्या हातकामाच्या चपलाही असतात. फोटोत रंग उजेडाप्रमाणे बदलतो, म्हणून रंगावर निर्णय घेऊ नये. कडेचा रंग आणि वरचा रंग यांत एकदम फरक असेल, तेवढीच गोष्ट प्रश्न ७ प्रमाणे तपासावी.

१७. चप्पल घरी आली आहे आणि शंका येते. जाळून पाहावी का?

जाळू नका. त्याने चप्पल बिघडते आणि परत करण्याचा हक्कही जातो. त्याऐवजी चप्पल न घालता, दिवसाच्या उजेडात कड डोळ्यांसमोर धरा आणि पुढचा भाग हलकेच वाकवा. कातड्याचा थर वाकताना तंतू ताणले जातात आणि सोडल्यावर तो परत येतो. बोर्डाच्या कडेला बारीक भेग पडते किंवा पावडर सुटते. रंगवलेली कड असेल तर वाकवल्यावर रंगाचा पापुद्रा तडकतो आणि आतला थर त्या तडकीतून दिसतो. नंतर कानाच्या मुळाशी नख घालून पाहा. शिवलेला कान हलत नाही, नुसत्या सोल्युशनने चिकटवलेल्या कानाच्या कडेला फट पडते. या दोन्ही गोष्टींचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा आणि विक्रेत्याला पाठवताना वर्णनातले त्याचेच शब्द सोबत लिहा. ‘चप्पल खोटी आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘वर्णनात पूर्ण कातडे म्हटले आहे, टाचेचा मधला थर बोर्डाचा आहे, फोटो जोडला आहे’ असे लिहिलेल्या तक्रारीला उत्तर लवकर मिळते, हा आमच्या वाचकांचा अनुभव आहे.